बेंझीन: पहिला हायड्रोजन महाग पडतो

बेंझीनच्या रेणूत सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात. सहा कार्बनांच्या सरळ साखळीला जितके मावतील तितके हायड्रोजन दिले की हेक्झेन होतं, C6H14. त्या मानाने C6H6 ला तब्बल आठ हायड्रोजन कमी. कार्बनच्या चार बंधांचा हिशोब जुळवायचा तर एक वलय आणि तीन दुहेरी बंध काढावे लागतात आणि पाठ्यपुस्तकातला षटकोन तसाच काढलेला असतो. कागदावर हा रेणू भलताच भुकेला दिसतो. इतका असंपृक्त पदार्थ ब्रोमीन दिसताच त्याच्यावर तुटून पडायला हवा.

तसं होत नाही, हे पाहण्याची सोपी रीत महाविद्यालयात सगळ्यांनीच केलेली असते. परीक्षानळीत १ मिली सायक्लोहेक्झीन घ्यायचं, त्यात तितकंच पिवळट-नारिंगी ब्रोमीन वॉटर घालून हलवायचं. रंग काही क्षणांत जातो. सायक्लोहेक्झीनमध्ये दुहेरी बंध एकच, तरी तो ब्रोमीनला जागा देतो. बेंझीनच्या वलयाचा प्रयोग मात्र खुद्द बेंझीनवर करू नये, कारण त्याच्या वाफांनी रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. त्याचा भाऊ टोल्यूइन वापरावा. त्यात बेंझीनचंच वलय असतं, फक्त एका हायड्रोजनच्या जागी CH3 गट असतो.

गडबड नेमकी इथे होते. टोल्यूइन आणि ब्रोमीन वॉटर हलवून नळी स्टँडवर ठेवली की खालचा पाण्याचा थर खरोखरच फिका पडतो. जर्नलमध्ये ‘रंग गेला, म्हणून असंपृक्त’ असं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. वरचा थर पाहिला तर तो नारिंगी झालेला असतो. ब्रोमीन पाण्यापेक्षा टोल्यूइनमध्ये कितीतरी जास्त विरघळतं, म्हणून ते फक्त घर बदलतं. कुणाशी त्याची अभिक्रिया झालेली नसते. दुसरी फसगत उजेडाची. तीच नळी उन्हात ठेवली तर वरचा रंगही हळूहळू उतरतो, पण तिथे ब्रोमीन वलयाला हात लावत नाही, CH3 गटातला हायड्रोजन काढून त्याची जागा घेतं. तयार होणारं बेंझिल ब्रोमाइड डोळ्यांतून घळाघळा पाणी काढतं, त्यामुळे ही चूक लपून राहत नाही. पोटॅशियम परमँगनेटबरोबर टोल्यूइन उकळत ठेवलं तर CH3 गट ऑक्सिडीकरणाने COOH होतो आणि बेंझॉइक आम्ल मिळतं. वलय तसंच्या तसं. दुहेरी बंधांवर धाड घालणारं परमँगनेट बाजूची संपृक्त फांदी खातं आणि मधल्या ‘तीन दुहेरी बंधांना’ सोडून देतं, यावरूनच कळायला हवं की ते तीन दुहेरी बंध नेहमीचे नाहीत. किंबहुना ते दुहेरी बंधच नाहीत.

बेंझीन पहिल्यांदा वेगळं काढलं मायकेल फॅरडेने, १८२५ मध्ये. लंडनच्या दिव्यांसाठी गॅस दाबून भरत, तेव्हा तळाशी एक तेलकट द्रव जमायचा, त्यातून. संरचना मात्र पुढची चाळीस वर्षं कुणाला सांगता आली नाही. १८६५ मध्ये केकुलेने सहा कार्बनांचं वलय सुचवलं. त्याच्या स्वप्नातल्या शेपूट गिळणाऱ्या सापाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण तिच्यापेक्षा रंजक आहे ती त्या वलयावर आलेली अडचण. बेंझीनमधल्या शेजारच्या दोन कार्बनांवर एकेक ब्रोमीन बसवा. वलयात एकेरी आणि दुहेरी बंध खरोखरच आळीपाळीने असतील, तर असे दोन निराळे पदार्थ मिळायला हवेत. एकात दोन ब्रोमीनांच्या मध्ये दुहेरी बंध, दुसऱ्यात एकेरी. दोघांचे उत्कलनबिंदू वेगळे असायला हवेत. प्रत्यक्षात एकच पदार्थ मिळतो. १८६९ मध्ये लाडेनबुर्गने हा आक्षेप घेतला आणि १८७२ मध्ये केकुलेने उत्तर दिलं की दोन्ही मांडण्या इतक्या झपाट्याने एकमेकींत बदलत राहतात की त्या वेगळ्या काढताच येत नाहीत.

हे उत्तर त्या काळाला शोभणारं होतं, कारण इलेक्ट्रॉनचा शोधच तेव्हा पंचवीस वर्षं पुढे होता. पण आजही उत्तरपत्रिकेत ‘बेंझीन दोन रचनांमध्ये सतत हेलकावे खातं’ असं वाक्य दिसतं. ते चुकीचं आहे आणि चुकीचं का आहे हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. बेंझीन एका क्षणी ही मांडणी आणि दुसऱ्या क्षणी ती, असं कधीच नसतं. त्याची रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असते. एकेरी-दुहेरी रेघांच्या आपल्या लिपीत ती एका चित्रात मावत नाही, म्हणून आपण दोन चित्रं काढतो.

पुरावा लांबीचा आहे. दोन कार्बनांमधला साधा एकेरी बंध १५४ पिकोमीटर लांब असतो, दुहेरी बंध सुमारे १३४. आळीपाळीचे बंध असते तर षटकोनाच्या तीन बाजू लांब आणि तीन आखूड निघाल्या असत्या. कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्झामिथिलबेंझीनच्या स्फटिकातून क्ष-किरण घालवून ते वलय सपाट आणि नियमित असल्याचं दाखवलं. बेंझीनसाठी आज मान्य असलेली लांबी साधारण १३९ ते १४० पिकोमीटर, सहाही बाजूंना सारखीच. ही लांबी एकेरीचीही नाही आणि दुहेरीचीही नाही.

आता मुद्द्याचा हिशोब. ‘बेंझीन स्थिर आहे’ हे वाक्य अपुरं आहे. कशाच्या तुलनेत स्थिर, आणि किती? याचं उत्तर उष्णतेच्या मोजमापातून मिळतं. दुहेरी बंधाला उत्प्रेरकाच्या मदतीने हायड्रोजन जोडला की उष्णता बाहेर पडते. जोडणीनंतरचा पदार्थ एकच असेल, तर जो आधीच खालच्या पातळीवर होता तो कमी उष्णता देईल. सायक्लोहेक्झीन, सायक्लोहेक्झाडाईन आणि बेंझीन ही तिन्ही वलयं पूर्ण भरली की एकच सायक्लोहेक्झेन मिळतं, त्यामुळे तुलना सरळ होते. १९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये किस्टियाकोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मापं फार काटेकोरपणे घेतली.

सायक्लोहेक्झीनच्या एका दुहेरी बंधातून मोलमागे १२० किलोज्यूल मिळतात. दोन दुहेरी बंध एकाआड एक असलेल्या १,३-सायक्लोहेक्झाडाईनमधून २४० ची अपेक्षा, मिळतात २३२. फरक ८. तीन दुहेरी बंधांच्या बेंझीनकडून ३६० ची अपेक्षा आणि मिळतात फक्त २०८. फरक १५२ किलोज्यूल. एक मोल बेंझीन म्हणजे ७८ ग्रॅम, एका लहान वाटीत मावेल इतकंच. त्यातून न मिळालेल्या १५२ किलोज्यूलवर दोन लिटर पाणी सुमारे १८ अंशांनी तापलं असतं.

पण या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि माझ्या मते ती १५२ पेक्षाही बोलकी आहे. दोन दुहेरी बंधांचं सायक्लोहेक्झाडाईन २३२ देतं आणि तीन ‘दुहेरी बंधांचं’ बेंझीन २०८. जास्त हायड्रोजन घेणारा पदार्थ कमी उष्णता देतो. वजाबाकी केली तर बेंझीनला हायड्रोजनचा पहिला रेणू जोडून सायक्लोहेक्झाडाईन करताना उष्णता बाहेर पडत नाही, उलट २४ किलोज्यूल आत घालावे लागतात. दुसरा रेणू ११२ देतो, तिसरा १२०. सगळा तोटा पहिल्या पायरीवर आहे. ती ओलांडली की पुढच्या दोन नेहमीसारख्या उताराच्या.

बेंझीनच्या वागण्यातल्या बऱ्याच विचित्र गोष्टी या एका वजाबाकीतून सुटतात. निकेल उत्प्रेरकावर, दाबाखाली आणि तापवून बेंझीनला हायड्रोजन दिला तर सायक्लोहेक्झेनच हाती येतं. मध्येच थांबलेलं सायक्लोहेक्झाडाईन बाटलीत भरायला मिळत नाही, कारण ते तयार होताच बेंझीनपेक्षा कितीतरी सहज पुढचा हायड्रोजन घेतं. क्लोरीनचंही तेच. उजेडात, क्लोरीनचे सुटे अणू तयार होत असताना, बेंझीनला क्लोरीन जोडता येतं, आणि ते जोडलं जाऊ लागलं की सहाही कार्बनांवर एकेक बसल्याशिवाय थांबत नाही. फॅरडेनेच हा पदार्थ पहिल्यांदा केला होता. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तो बीएचसी पावडर म्हणून ठाऊक आहे. भारतात १९९७ मध्ये त्यावर बंदी आली. त्या पावडरीच्या रेणूत सहा कार्बनांचं वलय आहे, पण बेंझीनपण जराही उरलेलं नाही.

मग पहिल्या पायरीवर असं काय मोडतं?

प्रत्येक कार्बनकडे बंधांसाठी चार इलेक्ट्रॉन असतात. बेंझीनमध्ये त्यातले तीन नेहमीच्या कामाला लागतात: दोन शेजारच्या कार्बनांशी, एक हायड्रोजनशी. हे तीन बंध एकाच पातळीत, एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून असतात. नियमित षटकोनाचा आतला कोनही १२०च असल्यामुळे कुठेही ताण नसतो. उरला प्रत्येक कार्बनचा एक इलेक्ट्रॉन. तो असतो षटकोनाच्या पातळीला काटकोनात उभ्या असलेल्या पी-ऑर्बिटलमध्ये, ज्याचा एक फुगीर भाग वलयाच्या वर आणि दुसरा खाली. असे सहा कार्बनांवर सहा उभे ऑर्बिटल, आणि प्रत्येकाच्या डावी-उजवीकडे सारख्याच अंतरावर एकेक शेजारी. कुणी कुणाशी जोडी लावायची? पहिल्याने दुसऱ्याशी लावली तर केकुलेचं एक चित्र, सहाव्याशी लावली तर दुसरं. दोन्ही शेजारी सारखेच असताना एकालाच निवडायला काही कारण नाही. म्हणून सहाही ऑर्बिटल दोन्ही बाजूंना मिसळतात आणि वलयाच्या वर एक, खाली एक अशी इलेक्ट्रॉनांची सलग कडी तयार होते. सहा इलेक्ट्रॉन कुठल्याच दोन कार्बनांच्या मालकीचे राहत नाहीत, सगळ्या वलयाचे होतात. यालाच इलेक्ट्रॉन विस्थानित झाले म्हणतात. पुस्तकात षटकोनाच्या आत काढलेलं वर्तुळ दाखवतं ते हेच.

इलेक्ट्रॉनला पसरायला जागा मिळाली की त्याची ऊर्जा उतरते, हा पुंजयांत्रिकीचा मूलभूत नियम. फक्त ‘विस्थानित’चा अर्थ तारेतल्यासारखे मोकळे असा घेऊ नये. ते वलयाच्या बाहेर जात नाहीत आणि द्रव बेंझीनमधून वीज वाहत नाही.

बहुतेक स्पष्टीकरणं इथे थांबतात: इलेक्ट्रॉन पसरले, म्हणून बेंझीन स्थिर. वर मांडलेला हिशोब या स्पष्टीकरणाला पुरेसं मानत नाही. सायक्लोहेक्झाडाईनमध्येही चार पी-ऑर्बिटल ओळीने शेजारी-शेजारी आहेत आणि तिथेही इलेक्ट्रॉन थोडेफार पसरतात. त्याचा फायदा किती झाला? ८ किलोज्यूल. बेंझीनमध्ये आणखी दोन ऑर्बिटल आले, ओळीची दोन टोकं जुळली, आणि फायदा एकदम १५२ वर गेला. नुसत्या पसरण्याने हे होत नाही. वलय बंद होणं आणि इलेक्ट्रॉन नेमके सहा असणं, दोन्ही लागतं. या विशेष स्थैर्यालाच ॲरोमॅटिकता म्हणतात.

सहाच का, याचं उत्तर १९३१ मध्ये एरिक ह्युकेलने दिलं. गणित बाजूला ठेवून त्याचा गाभा सांगता येतो. बंद वलयात पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जेच्या ठरावीक पातळ्याच मिळतात. सगळ्यांत खालची पातळी एकटी असते आणि तिच्यावरच्या पातळ्या सारख्या उंचीच्या जोडीने येतात. एका पातळीत दोन इलेक्ट्रॉन मावतात. म्हणजे तळ भरायला २ इलेक्ट्रॉन, त्यावरची जोडी भरायला ४, पुढची जोडी भरायला आणखी ४. इलेक्ट्रॉन २, ६ किंवा १० असतील तर पातळ्या काठोकाठ भरतात आणि कुठेही अर्धवट जागा उरत नाही. ४ किंवा ८ असतील तर वरच्या जोडीत दोनच इलेक्ट्रॉन येतात, सारख्या उंचीच्या दोन पातळ्यांत एकेक, आणि रेणू अस्वस्थ राहतो. पुस्तकातला ४n+२ हा नियम म्हणजे हीच मोजणी.

हे पडताळायला आठ कार्बनांचं वलय घ्या: सायक्लोऑक्टाटेट्राईन, चार दुहेरी बंध एकाआड एक. केकुलेच्या लिपीत ते बेंझीनचं मोठं भावंडच दिसतं. रिचर्ड विलश्टेटरने १९११च्या सुमारास झुरिकमध्ये ते तयार केलं, आणि सुरुवात केली डाळिंबाच्या झाडाच्या सालीतल्या एका अल्कलॉइडपासून. (सांगोल्याच्या बागायतदारांना आपल्या झाडाचं रसायनशास्त्रातलं हे काम कदाचित माहीत नसेल. साल फळाची नव्हे, झाडाची.) हाती आलेल्या पिवळ्या द्रवाने ब्रोमीनचा रंग झटक्यात घालवला. हायड्रोजनही सहज घेतला. त्याचं वागणं बेंझीनशी इतकं जुळेना की काहींना शंका आली, विलश्टेटरने भलताच पदार्थ केला असावा. १९४०च्या दशकात जर्मनीत रेप्पेने निकेल उत्प्रेरकावर ॲसिटिलीनपासून तोच पदार्थ भरपूर प्रमाणात केला आणि शंका मिटली. त्याचं वलय सपाट नाही, टबासारखं वाकलेलं आहे. बंध आळीपाळीने १३४ आणि सुमारे १४७ पिकोमीटर. आठ इलेक्ट्रॉनांची कडी सपाट झाली तर अडचणीत येईल, म्हणून रेणू वाकून ती होऊच देत नाही आणि चार साध्या दुहेरी बंधांवर भागवतो. त्याला पोटॅशियम धातूकडून दोन इलेक्ट्रॉन दिले की मोजणी १० होते, आणि वलय सपाट होऊन सगळे बंध सारखे होतात.

चार कार्बनांच्या वलयाला वाकायला जागाच नसते. सायक्लोब्युटाडाईन गोठलेल्या अर्गॉनमध्ये, निरपेक्ष शून्याच्या जवळपासच्या तापमानाला अडकवून ठेवावं लागतं. तिथेही ते चौरस न राहता आयताकृती होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन पसरायचं टाळून दोन बंधांत जाऊन बसतात. अर्गॉन थोडं सैल झालं की दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि पदार्थ संपतो.

उलट दिशेने, जिथे सहाची मोजणी जुळते तिथे रेणू अनपेक्षित गोष्टी करतात. सायक्लोपेंटाडाईन हा साधा हायड्रोकार्बन. हायड्रोकार्बन प्रोटॉन सोडत नाहीत, पण हा जवळजवळ अल्कोहोलइतक्या तयारीने सोडतो, कारण प्रोटॉन गेल्यावर पाच कार्बनांच्या वलयावर सहा इलेक्ट्रॉन उरतात. सात कार्बनांच्या वलयाचं याच्या नेमकं उलट. १८९१ मध्ये मेर्लिंगला सायक्लोहेप्टाट्राईन आणि ब्रोमीनपासून एक पिवळसर घन मिळाला होता. तो पाण्यात विरघळतो आणि सिल्व्हर नायट्रेट घालताच सिल्व्हर ब्रोमाइडचा साका देतो. सेंद्रिय ब्रोमाइड असं वागत नाहीत, मीठ असं वागतं. १९५४ मध्ये डोअरिंग आणि नॉक्स यांनी उलगडा केला: ब्रोमीन इलेक्ट्रॉन घेऊन आयन होऊन वेगळं होतं आणि मागे सात कार्बनांवर सहा इलेक्ट्रॉनांचा धन आयन राहतो.

कडीतले सगळे अणू कार्बनच हवेत असंही नाही. १८८२ मध्ये व्हिक्टर मायर झुरिकमध्ये वर्गासमोर बेंझीनची एक चाचणी दाखवत होता: आयसॅटिन आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की बेंझीन निळं होतं. त्या दिवशी झालं नाही. त्याचा सहायक झांडमायर याने सांगितलं की डांबरापासून काढलेलं बेंझीन संपलं होतं, म्हणून बेंझॉइक आम्लापासून केलेलं शुद्ध बेंझीन दिलं. म्हणजे निळा रंग बेंझीनचा नव्हताच. डांबराच्या बेंझीनमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास दुसरं काहीतरी होतं, ज्याच्यामुळे ती चाचणी इतकी वर्षं ‘यशस्वी’ होत होती. ते थायोफीन निघालं, चार कार्बन आणि एका गंधकाचं वलय. चार कार्बन चार इलेक्ट्रॉन देतात, गंधक आपल्या जोडीतले दोन देतो, बेरीज सहा. थायोफीन ८४ अंशांना उकळतं, बेंझीन ८० ला, आणि वागणंही बरंच सारखं. ऊर्ध्वपातनाने ते वेगळं निघत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं लपून राहिलं.

एखादा रेणू खरोखर ॲरोमॅटिक आहे की नाही, हे आज एनएमआर यंत्रावर काही मिनिटांत दिसतं. रेणू प्रखर चुंबकीय क्षेत्रात ठेवला की पसरलेले इलेक्ट्रॉन वलयाभोवती फिरू लागतात, आणि त्या प्रवाहामुळे बाहेरच्या हायड्रोजनांचे संकेत सरकतात. बेंझीनचा संकेत ७.३ पीपीएमच्या आसपास येतो. सायक्लोहेक्झीनमधल्या दुहेरी बंधावरच्या हायड्रोजनांचा ५.६ च्या जवळ, आणि विलश्टेटरच्या आठ कार्बनी वलयाचा ५.७ च्या जवळ. आठ कार्बनी वलय कुठल्या गोटातलं, याला दुसरी साक्ष लागत नाही.

या सगळ्यानंतर बेंझीन अभिक्रियाच करत नाही असं वाटेल. करतं, पण कडी न गमावता. ब्रोमीनबरोबर थोडा लोखंडाचा कीस घातला की फेरिक ब्रोमाइड तयार होतं, ते ब्रोमीनला इतकं आक्रमक करतं की वलयालाही दोन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. त्या क्षणी कडी तुटते, पहिल्या पायरीची किंमत मोजली जाते, म्हणूनच उत्प्रेरकाशिवाय हे होत नाही. सायक्लोहेक्झीन असतं तर दुसरं ब्रोमीनही घेऊन मोकळं झालं असतं. बेंझीनने तसं केलं तर तोटा कायमचा होतो. त्याऐवजी ते ज्या कार्बनवर ब्रोमीन बसलं त्याच कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून सोडतं आणि कडी परत जोडून घेतं. हाती येतं ब्रोमोबेंझीन, आणि बाहेर पडतो हायड्रोजन ब्रोमाइड. नळीच्या तोंडाशी अमोनियात बुडवलेली काचकांडी धरली की दाट पांढरा धूर दिसतो. समावेशन झालं असतं तर हा धूर आला नसता. रंग जाणं दोन्हींत सारखं असतं, त्यामुळे समावेशन की प्रतियोजन हे रंगावरून नव्हे, धुरावरून ठरवावं.

आता १५२ या आकड्याविषयी. तो पवित्र नाही. ३६० ची अपेक्षा आपण अशा कल्पित रेणूकडून केली, ज्यात तीन दुहेरी बंध एकमेकांची दखलही घेत नाहीत. पण शेजारी दुहेरी बंध असले की थोडा फायदा होतोच, हे सायक्लोहेक्झाडाईनने दाखवलं: प्रत्येक शेजारामागे ८. कल्पित वलयात असे तीन शेजार, म्हणजे २४. अपेक्षा ३३६ वर येते आणि ॲरोमॅटिकतेच्या खात्यावर १२८ उरतात. कल्पित रेणूचे बंध आखूड-लांब धरायचे की सारखे, यावरही आकडा बदलतो. प्रत्यक्षात नसलेल्या रेणूशी तुलना असल्यामुळे हे व्हायचंच. २४ किलोज्यूलचा चढ मात्र खऱ्या, मोजलेल्या पदार्थांमधला आहे. तो गृहीतकांवर हलत नाही.

आणि स्थिर म्हणजे ऊर्जा कमी, असाही सरसकट अर्थ नाही. कार्बन आणि हायड्रोजन या मूलद्रव्यांपासून द्रव बेंझीन बनवायचं तर मोलमागे ४९ किलोज्यूल आत घालावे लागतात. मूलद्रव्यांच्या तुलनेत ते वरच आहे. हवेत ते काजळी सोडत छान जळतं, शरीरात यकृतातले विकर त्याचं ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून तयार होणारे पदार्थच अस्थिमज्जेला घातक ठरतात. टोल्यूइन त्या मानाने सौम्य, कारण शरीराला वलयाऐवजी CH3 गटावर काम करता येतं आणि बेंझॉइक आम्लाच्या वाटेने ते लघवीतून बाहेर टाकता येतं. परमँगनेटने नळीत केलं तेच.

पहिल्या पायरीच्या गणिताशी सर्वांत चिवट झुंज कारखान्यात दिली गेली आहे. नायलॉनच्या कच्च्या मालासाठी सायक्लोहेक्झीन हवं असतं आणि बेंझीन तर स्वस्त. पण हायड्रोजनचे दोनच रेणू घेऊन बेंझीनने थांबावं कसं, तिसरी पायरी तर १२० किलोज्यूलच्या उताराची? जपानच्या ‘असाही केमिकल’ या कंपनीने १९९० मध्ये मिझुशिमाला हे औद्योगिक पातळीवर जमवलं, आणि उपाय बेंझीनमध्ये नव्हे, पाण्यात सापडला. रुथेनियमचे बारीक कण जस्ताच्या क्षारासह पाण्यात तरंगत ठेवले. कणांभोवती पाण्याचं आवरण राहतं आणि हायड्रोजन मिळवायला बेंझीनला ते ओलांडून आत यावं लागतं. बेंझीन पाण्यात थोडं तरी विरघळतं, सायक्लोहेक्झीन त्याच्या अनेक पटींनी कमी. त्यामुळे हायड्रोजनचे दोन रेणू घेऊन तयार झालेलं सायक्लोहेक्झीन एकदा उत्प्रेरकावरून सुटलं की तेलाच्या थरात निघून जातं आणि सहजी परत येत नाही. तरी काही भाग पूर्ण सायक्लोहेक्झेन होतोच. म्हणून सगळं बेंझीन संपेपर्यंत अभिक्रिया चालवत नाहीत. बरंचसं शिल्लक असतानाच मिश्रण बाहेर काढतात आणि उरलेलं बेंझीन पुन्हा टाकीत घालतात.